अलेच हिमनदी, गिर्यारोहण न करता

कोल्हापुरातून स्वित्झर्लंडला जाणारे बहुतेक जण हिमनदी बघायला युंगफ्राउयोखला जातात. ३,४५४ मीटरवर हिमनदीचा उगम दिसतो, पण तिथे सगळा पांढरा बर्फच असतो. सुमारे २० किलोमीटर लांबीची अलेच हिमनदी वळण घेत खाली उतरताना बघायची, तर दक्षिणेकडून, रोन नदीच्या खोऱ्यातून जावं. आम्ही तेच केलं.

ब्रिगहून छोट्या रेल्वेने फिशला उतरलो आणि तिथून दोन टप्प्यांच्या रोपवेने एगिसहॉर्नला पोचलो. वरचं स्टेशन २,८६९ मीटरवर, म्हणजे पन्हाळ्याच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर आहे. खालून थेट एवढं वर आल्यावर काहींना डोकं हलकं वाटतं. पहिली पंधरा मिनिटं सावकाश चालावं. डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं, तर पुढच्या रोपवेने खाली यावं.

बर्फावर दोन काळे पट्टे लांबवर जाताना दिसतात. कोंकॉर्डियाप्लाट्झला तीन हिमप्रवाह एकत्र येतात आणि प्रत्येकाच्या कडेचे दगडगोटे मधे सापडून हे पट्टे तयार होतात. तिथे बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर आहे. खाली बर्फावर मात्र वाटाड्याशिवाय पाय ठेवू नये. भेगा ताज्या बर्फाने झाकलेल्या असतात.

थंडीचा हिशोब सोपा आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. जुलैत ब्रिगला २५ अंश असतील, तर एगिसहॉर्नला ११ च्या आसपास, आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला आठच वाटतात. एवढ्यासाठी उणे वीसचं जाडजूड जॅकेट विकत घेऊ नका. पातळ लोकरी किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे पुरतात. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही. कठड्यापाशी फोटोसाठी थांबलात की हुडहुडी भरते ती त्यामुळे. उन्हाचा चष्मा मात्र विसरू नका, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना सोसत नाही.

चालायचं असेल तर मूसफ्लूहून (२,३३३ मीटर) ब्लाऊझे तळ्यावरून बेट्टमेराल्पला उतरावं. रमतगमत दीड तास लागतो, पण सगळी उतरणच असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. मूसफ्लूचा हिमनदीकडचा उतार बर्फाचा आधार गेल्याने सरकतो आहे आणि २०१६ मध्ये तो फार वेगाने हलला. त्या बाजूची वाट बंदची पाटी लावून अडवलेली असेल, तर ओलांडू नका.

दुपारनंतर शिखरांवर ढग जमतात. सकाळी तिकीट काढण्याआधी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा. पांढरं धुकं दिसलं, तर तो दिवस खालच्या गावात घालवा.