कोसाइन आणि ५४.७४ अंशांचा कोन

शाळेत त्रिकोणमिती शिकताना ओळखीचा झालेला कोसाइन आजही माझ्या रोजच्या कामात आहे. घनपदार्थ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांतल्या अणुकेंद्रकांच्या रेडिओ-संकेतांचे, म्हणजे एनएमआरचे, वर्णपट घेणे हे ते काम, आणि त्यातली एकच गोष्ट येथे नीट सांगावी असे वाटते.

ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या भुकटीतला कार्बोक्सिल कार्बन घेऊ. त्याच्या भोवतालचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला सर्व दिशांनी सारखे अडवत नाहीत, म्हणून रेणू क्षेत्राशी कसा कललेला आहे यावर रेषेची जागा ठरते. द्रावणात रेणू सतत गडगडत असल्याने सरासरी तेवढी दिसते. भुकटीत प्रत्येक कण आपापल्या कलात स्थिर असतो आणि रेषेऐवजी सुमारे १४० पीपीएम, म्हणजे वारंवारतेच्या १४० दशलक्षांश, रुंदीचा पट्टा उमटतो.

नमुना रोटर नावाच्या नळीत भरून एका अक्षाभोवती फिरवला, की कलावर अवलंबून असलेल्या भागाची एका फेरीवरची सरासरी दोन घटकांचा गुणाकार होते. पहिला घटक कण रोटरमध्ये कसा बसला आहे त्याचा, म्हणून प्रत्येक कणाला वेगळा. दुसरा 3cos²θ − 1 हा सर्वांना सामाईक, ज्यात θ म्हणजे अक्ष आणि क्षेत्र यांमधला कोन. ५४.७४ अंशांना हा दुसरा घटक शून्य होतो, आणि रोटरमधली एकाही कणाची बैठक न बदलता सगळ्यांचा विस्तार एकदम मिटतो. मला हे आजही विलक्षण सुंदर वाटते. १९५८-५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँड्र्यू व त्यांचे सहकारी आणि स्वतंत्रपणे लोव यांनी ते करून दाखवले.

मात्र ही सरासरी फेरी पुरी झाल्यावरच होते. कार्बनची वारंवारता १०० मेगाहर्ट्‌झ असेल तर १४० पीपीएम म्हणजे १४,००० हर्ट्‌झ. रोटर सेकंदाला ४,००० फेऱ्याच घेत असेल, तर फेरीच्या मधल्या काळात कणांचे संकेत एकमेकांपासून विखुरतात आणि फेरीअखेर पुन्हा जुळतात. या पुनरावृत्तीमुळे १७६ पीपीएमच्या मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना ४० पीपीएमच्या अंतराने साइडबँड, म्हणजे उपरेषा, येतात: २१६, १३६, २५६, ९६. सर्वांत उंच रेषा मुख्य असेलच असे नाही, म्हणून वेग ५,००० करून पाहावे; साइडबँड २२६ आणि १२६ वर सरकतात, १७६ ची रेषा हलत नाही. साइडबँडना कचरा समजू नये. त्यांच्या उंचींवरून मूळ पट्ट्याची दोन टोके आणि शिखर काढता येतात, म्हणजे कार्बनभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची दिशाविषमता मोजता येते. वेग खूप वाढवला की ही माहितीही जाते.

प्रोटॉनांची, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकांची, गोष्ट निराळी आहे. चुंबकीय द्विध्रुवी प्रभावाने ते फेरी चालू असतानाच एकमेकांची अवस्था बदलतात, त्यामुळे फेरीअखेर संकेत पुरता जुळत नाही आणि मंद फिरवण्याने त्यांच्या रेषा अरुंद होत नाहीत. म्हणूनच कार्बनचा वर्णपट घेताना रेडिओलहरींनी प्रोटॉनांचा कार्बनवरचा प्रभाव तोडावा लागतो.

कोनही काटेकोर हवा. तो अर्ध्या अंशाने चुकला तर मूळ रुंदीचा सुमारे १.२ टक्के भाग, म्हणजे १.७ पीपीएम, शिल्लक राहतो. ग्लायसिनच्या अल्फा आणि गॅमा स्फटिकरूपांच्या कार्बोक्सिल रेषांत अंतर सुमारे २ पीपीएमचेच आहे. एवढ्या चुकीने दोन्ही रूपे एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून आधी पोटॅशियम ब्रोमाइडमधल्या ब्रोमीनचा संकेत पाहून, त्यातले फेरीगणिक येणारे प्रतिध्वनी जास्तीत जास्त काळ टिकेपर्यंत कोन जुळवावा, आणि मगच ग्लायसिन आत घालावे.