पावणेदोन आर गेले कुठे?

ओढ्याकाठचा गट, सातबाऱ्यावर क्षेत्र ०.३०.७० म्हणजे ३० आर ७० चौरस मीटर. मालकाला विहिरीआधी जागेचा अंदाज हवा होता. सरकारी मोजणीची जागा हे काम घेत नाही, हे आधीच सांगितलं. ३० मीटरचा फायबर टेप, दोन रांगोळीच्या पुड्या, खुंट्या आणि ओळंबा एवढंच सामान.

दोन टोकांच्या दगडांमधून पायारेषा धरली, ९६ मीटर. टेप तीनदा पूर्ण आणि वर सहा मीटर. दर ३० मीटरला खुंटी ठोकली आणि शेवटी खुंट्या मोजल्या. एखादा अख्खा टेप मोजणीतून सुटणं ही या कामातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागडी चूक. मधला उतार होता तिथे टेप आडवा ताणून ओळंब्याने टोक खाली उतरवलं. दहाला एक असा उतार असेल आणि टेप जमिनीवरच टाकला, तर प्रत्येक ३० मीटरमागे १५ सेंटिमीटर फुकटचे वाढतात.

डाव्या बाजूला बांध सरळ, कोपऱ्याचे दगड दोनच. दगडावर टेपचं शून्य धरायचं आणि दुसरं टोक पायारेषेवरून कमानीसारखं फिरवायचं. आकडा सर्वांत लहान दिसतो तिथेच लंब. पहिला दगड ३६ मीटरवर, लंब २७. दुसरा ७२ वर, लंब २४. म्हणजे त्रिकोण ४८६, समलंब चौकोन ९१८, त्रिकोण २८८; बेरीज १६९२ चौरस मीटर.

उजवीकडे ओढ्याचा काठ वळणाचा, म्हणून दर १२ मीटरला लंब काढले. इथे लंब ठरलेल्या जागेवरून काढायचा असल्यामुळे ३-४-५चा काटकोन केला. आकडे आले ९.२, १५.६, १९.४, २१.०, २०.२, १६.८, १०.४, दोन्ही टोकांना शून्य. समलंब नियमाने १३५१. पण काठ बाहेर फुगलेला, आणि हा नियम दोन लंबांच्या टोकांमध्ये सरळ रेघ मारतो, त्यामुळे फुगवटा कापला जातो. आठ भाग, म्हणजे सम संख्या, तेव्हा लंबांच्या टोकांमधून वक्र रेघ धरणारा सिम्प्सनचा नियम चालतो. त्याने १३७४ आले. एकूण ३०६६, म्हणजे ३०.६६ आर. सातबाऱ्याशी चार चौरस मीटरचा फरक. टेपच्या कामाला उत्तम.

मग मालकांकडचा गटाचा नकाशा बाहेर काढला. प्रमाण १:१०००, या प्रमाणात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे बरोबर एक आर. पारदर्शक आलेखकागद ठेवून चौकोन मोजले, अर्धवट चौकोन अर्ध्याहून मोठे तेवढे धरले. उत्तर २८.९. पुन्हा मोजलं, तेच.

"पावणेदोन गुंठे गेले की हो साहेब," मालक म्हणाले. (गुंठा आरापेक्षा किंचित मोठा, १०१.१७ चौरस मीटर, पण बोलताना सगळेच एक धरतात.) त्यांची नजर लगेच ओढ्यापलीकडच्या शेताकडे गेली.

आधी आमच्या टेपवर संशय घेतला. तो ३० मीटरमागे १० सेंटिमीटर ताणला गेला होता असं समजा, तरी क्षेत्र पाऊण टक्क्याच्या आतच बदलतं. इथे फरक जवळपास सहा टक्के. ताणलेला टेप एवढं खाऊ शकत नाही.

म्हणून क्षेत्र सोडून लांब्या तपासल्या. नकाशावर पायारेषा ९६ मिलिमीटर हवी, भरली ९३. पहिल्या टोकापासून डाव्या दगडापर्यंतची बाजू जमिनीवर टेपने थेट ४५ मीटर भरली होती (३६ आणि २७चा कर्णही ४५च, म्हणजे लंब बरोबर होता). नकाशावर ती साडेत्रेचाळीस मिलिमीटरच्या जरा पुढे. दोन्ही रेषा वेगळ्या दिशांच्या, आणि दोन्ही तीनच टक्क्यांनी आखूड. शेतात चूक झाली असती, समजा एक टेप सुटला असता, तर एकच दिशा बिघडली असती. सगळीकडे सारखं आखडणं म्हणजे कागद आखडलाय.

मालकांच्या हातातली प्रत झेरॉक्स होती. कागदात मावावं म्हणून दुकानदाराने ९७ टक्क्यांवर काढलेली. त्यावरचं "१:१०००" मात्र तसंच राहिलं. लांबी तीन टक्क्यांनी कमी झाली की क्षेत्र ०.९७ गुणिले ०.९७, म्हणजे ०.९४०९ पट होतं. २८.९ ला त्याने भागलं तर ३०.७२. सातबाऱ्याला दोन चौरस मीटरने जुळलं, तेही चौकोन मोजून. तेवढी जुळणी थोडी नशिबाचीही.

मालकांना ९६ मीटरची रेषा त्या प्रतीवर पट्टीने मोजून दाखवली. त्यांनी पट्टी हातात घेऊन स्वतः दोनदा लावली, आणि विचारलं, "मग विहिरीचं माप याच्यावरूनच काढलं होतं, त्याचं काय?" तो खड्डा तेव्हा नुसताच आखलेला होता. पुन्हा आखला.