पुनर्मूल्यांकनाचा मेल: घोडं अडतं ते ‘कारण’पाशी

परीक्षा विभागाला मी पाठवलेल्या मेलमध्ये नाव, आसन क्रमांक, विषय, सत्र, कारण सगळं होतं. तरी उत्तर आलं एका ओळीचं: ‘अर्जाचे स्वरूप स्पष्ट करावे.’ नेमकं काय स्पष्ट करायचं, हे सांगायची तसदी कोणी घेतली नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्या एका ओळीमागचा अर्थ असा. उत्तरपत्रिकेबद्दलची तक्रार दोन प्रकारची असते आणि त्या दोन वेगळ्या वाटांनी जातात. गुणांची बेरीज चुकली, एखादं उत्तर तपासायचंच राहिलं, आतले गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात चढलेच नाहीत, ही झाली गुणपडताळणी. तिथे उत्तर कसं आहे हे कोणी वाचत नाही, फक्त आकडे जुळवतात. उत्तर तपासलंय पण गुण कमी दिलेत असं म्हणणं असेल तर ते पुनर्मूल्यांकन. त्यासाठी दुसरा परीक्षक लागतो, वेळही जास्त जातो. माझ्या मेलमध्ये एकाच परिच्छेदात दोन्ही होतं, आणि टेबलावरच्या माणसाला तो कुठल्या गठ्ठ्यात टाकायचा हे ठरवता येईना.

म्हणून आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती हातात नसताना लिहिलेलं कारण म्हणजे ‘पेपर चांगला गेला होता’, आणि या वाक्याला तिथे काडीची किंमत नाही. छायाप्रत आली की सगळ्यात आधी मुखपृष्ठावरचा तक्ता बघा, मग एकेक पान उलटत आतले गुण त्या तक्त्याशी ताडून बघा. पुरवणी असेल तर तीही. तपासायचं राहून गेलेलं उत्तर बहुतेकदा पुरवणीत नाहीतर एखाद्या कोऱ्या पानानंतर सापडतं.

उदाहरण घेऊ. पेपर ७० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला २८ हवेत, मिळालेत २४. प्रश्न ३ (ब) हे ७ गुणांचं गणित अकराव्या पानावर आहे. सूत्र बरोबर, किमती बरोबर भरल्यात, पहिल्या दोन पायऱ्याही बरोबर. शेवटच्या पायरीत चिन्ह चुकलं आणि परीक्षकाने सरळ ० दिला. शिवाय सतराव्या पानावरच्या प्रश्न ४ (अ) वर लाल शाईची एक रेघही नाही. यातली दुसरी गोष्ट गुणपडताळणीची, पहिली पुनर्मूल्यांकनाची. मेलमध्ये त्या दोन्ही अशा वेगळ्या लिहायच्या:

‘पुनर्मूल्यांकन: प्रश्न ३ (ब), पान ११. सूत्र व पहिल्या दोन पायऱ्या बरोबर असून केवळ अंतिम चिन्ह चुकले आहे. पायरीनिहाय गुण न देता ० गुण दिले आहेत. गुणपडताळणी: प्रश्न ४ (अ), पान १७. उत्तर तपासलेले दिसत नाही.’

बस, एवढंच. ‘माझं वर्ष वाया जाईल’, ‘घरची परिस्थिती’ हे खरं असलं तरी त्यावरून गुण बदलत नाहीत, उलट मुद्दा खाली ढकलला जातो. परीक्षकावर आरोपही नकोत. नुसतं ‘३ (ब) ला कमी गुण’ असंही लिहू नका. पान क्रमांक आणि उत्तरात काय बरोबर आहे, या दोन गोष्टींनी कारण उभं राहतं.

बाकी तपशिलांत गोंधळ होतो तो आसन क्रमांकाचा. तो दर परीक्षेला बदलतो. ज्या परीक्षेचा पेपर आहे त्याच हॉल तिकिटावरचा हवा. कायम नोंदणी क्रमांक वेगळा, तोही द्या. विषयाचं नुसतं नाव पुरत नाही, गुणपत्रिकेवरचा कोड लिहा, कारण अभ्यासक्रम बदलला की त्याच नावाच्या विषयाला वेगळा कोड मिळतो. मेलच्या विषयाच्या ओळीतच ‘पुनर्मूल्यांकन’, आसन क्रमांक आणि कोड येऊ द्या.

आणि हो, पोर्टलवर अर्जाची सोय असेल तर नुसता मेल म्हणजे अर्ज नव्हे. पोर्टलवर अर्ज भरा, शुल्क भरा आणि पावती, गुणपत्रिका व छायाप्रतीची तेवढी दोन पानं मेलला जोडा. पोर्टल अडलं तर पडद्यावरच्या एररचा फोटो तारीख-वेळेसकट त्याच दिवशी पाठवा. मुदत संपल्यावर ‘साइट चालत नव्हती’ हे कोणी ऐकत नाही. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात की छायाप्रत मिळाल्यापासून, हे परिपत्रकात बघून घ्या. आठवण करून द्यायची तर त्याच मेलला रिप्लाय करा. नवा मेल टाकला की आधीचा संदर्भ तुटतो आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी.

गुण कमी झाले तर काय, याचाही नियम त्याच परिपत्रकात असतो. शुल्क भरण्याआधी वाचा. आणि निकालाची वाट बघत बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म भरायचा थांबू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुष्कळदा त्या फॉर्मची तारीख उलटून गेल्यावरच लागतो.