डाव्या सुळ्यापाशी लागणारा लाल दिवा

गार पाणी प्यायलं की वरच्या डाव्या सुळ्यापाशी सणक जायची, आणि खालच्या पुढच्या दातांना आतून ब्रश केला की थुंकीत रक्ताची रेघ दिसायची. नौपाड्यातल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेला घालून खोली मोजली. सगळीकडे २-३ मिलिमीटर, म्हणजे व्यवस्थित. फक्त सुळ्यावरची हिरडी १ मिलिमीटरभर वर सरकलेली.

"या दोन वेगळ्या तक्रारी आहेत," त्या म्हणाल्या. "रक्त येतं ते साचलेल्या थरामुळे. सणक जाते ती मूळ उघडं पडल्यामुळे."

आधी कीटण काढून घेतलं, कारण एकदा कडक झालेलं कीटण कुठल्याच ब्रशने निघत नाही. मग साधा सॉफ्ट ब्रश. केस हिरडीच्या रेषेकडे तिरपे टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचे. काही आठवड्यांत रक्त थांबलं. सणक मात्र तशीच.

जास्त जोराने घासल्यानेही हिरडी सरकू शकते, म्हणून प्रेशर सेन्सर असलेला इलेक्ट्रिक ब्रश घेतला. जोर वाढला की त्यावर लाल दिवा लागतो. उजव्या बाजूला तो क्वचित लागायचा, डाव्या सुळ्यापाशी हमखास. मी उजव्या हाताने ब्रश करते आणि नेमक्या त्या वळणावर हात दाबला जातो. इतकं नेमकं आरसा दाखवत नाही. हा ब्रश घासायचा नसतो, हे मात्र शिकावं लागलं. एकेका दातावर नुसता टेकवायचा आणि पुढे सरकवायचा. हलण्याचं काम त्याचं. दर ३० सेकंदांनी तो क्षणभर थबकतो, म्हणजे तोंडाचा पुढचा चौथा भाग घ्यायचा. दोन मिनिटं अशी पुरी होतात.

सोबत पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट होती. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सणक कमी झाली त्याचं सगळं श्रेय मी ब्रशला देणार नाही. सरकलेली हिरडी तर कुठल्याच ब्रशने खाली येत नाही. ती आणखी सरकू नये एवढंच आपल्या हातात.

वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात तीन महिन्यांपुढच्या वापरात इलेक्ट्रिक ब्रशने साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के जास्त कमी झाल्याचं दिसलं. फरक खरा आहे, पण सूज ओसरण्यात तो माफक आहे. ज्याचा हात मुळात हलका आहे आणि जो दोन मिनिटं नीट देतो, त्याला साधा सॉफ्ट ब्रश पुरतो. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी तोच चालू ठेवायला सांगितला. फक्त मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप उतरतो.

घ्यायचाच असेल तर स्वस्तातला, सेलवर चालणारा, सेन्सर नसलेला ब्रश आमच्यासारख्यांच्या कामाचा नाही. आणि दुकानात आधी सुटी हेड मिळतात का ते विचारा. साधारण तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले तर त्याआधीच, ते बदलावं लागतं.