पट्टी हलता कामा नये

इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना मराठी शिकवायची असली, की मी पतंगाच्या कागदाची एक पट्टी जवळ ठेवते. बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशी ती पट्टी वरच्या टोकाला चिमटीत धरायची, खालचे टोक ओठांसमोर तीन-चार बोटांवर लोंबू द्यायचे आणि पंखा बंद करायचा. अंतर नक्की किती ठेवावे हे मी स्वतः 'ताट' आणि 'थाट' म्हणून ठरवते. 'ताट' म्हणताना पट्टी स्थिर राहिली आणि 'थाट' म्हणताना तिने उडी मारली, की जागा सापडली असे समजावे.

महाप्राण, म्हणजे ख, थ, फ यांसारखे श्वासाच्या झोतासह उच्चारायचे वर्ण, शिकवायचे म्हणजे विद्यार्थ्याला फुंकायला शिकवायचे, असा सर्वसाधारण समज आहे. तमिळ मातृभाषेच्या माणसाच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे, कारण त्याच्या भाषेत हा भेदच नसल्यामुळे तो 'खाट'ला 'काट' म्हणतो. इंग्रजी भाषकाची अडचण मात्र नेमकी उलटी असते. शब्दाच्या आरंभीचा प, त किंवा क तो नेहमीच श्वास सोडून उच्चारतो, त्यामुळे 'पार' म्हणतानाही त्याची पट्टी उडते. ओठ उघडल्यापासून कंठातला नाद सुरू होईपर्यंतचा वेळ मराठी 'प'मध्ये सहसा वीस मिलिसेकंदांपेक्षा कमी असतो, तर इंग्रजी 'पिन'मध्ये तो पन्नासच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. या मधल्या वेळात जो श्वास बाहेर पडतो, तोच कागद हलवतो. म्हणून या विद्यार्थ्याला 'फ' शिकवण्याची घाई नसते. आधी 'प' शिकवावा लागतो, आणि पट्टी हलवायची नाही हाच त्याचा धडा असतो.

हा 'प' त्याच्या तोंडात मुळात असतो, फक्त तो 'स'च्या मागे दडलेला असतो. पट्टीसमोर त्याला आधी 'पिन' म्हणायला लावावे आणि मग 'स्पिन'. दुसऱ्या शब्दात 'स'चा वारा लागून पट्टी थोडी कलते, पण 'प' सुटताना तिला धक्का बसत नाही, आणि हे पाहून बहुतेकजण चकित होतात. जन्मभर बोललेल्या भाषेतला हा फरक कानाने त्यांना कधी सांगितलेलाच नसतो. मग 'स' लांबवायचा, नंतर तो नुसता मनात म्हणायचा आणि 'पाणी' तेवढे मोठ्याने म्हणायचे. येथे एक फसगत ठरलेली असते. श्वास आवरण्याच्या धडपडीत 'पाणी'चे 'बाणी' होते, आणि पट्टी स्थिर असल्यामुळे विद्यार्थी खूश होतो. अशा वेळी त्याचे बोट कंठावर ठेवून पाहावे. ओठ मिटलेले असतानाच कंपन जाणवू लागले, तर तो 'ब' आहे.

वर्ग मोठा असला तर मेणबत्ती सोयीची पडते, कारण ज्योत मागच्या बाकावरूनही दिसते. मात्र ती कलल्यावर सरळ व्हायला वेळ घेते, म्हणून दोन शब्दांमध्ये थांबावे लागते. शिवाय ज्योतीला वारा समजतो, वर्ण समजत नाही. आपल्याकडे 'फार' आणि 'फळ' यांतला 'फ' अनेकजण खालचा ओठ वरच्या दातांना लावून, घासून उच्चारतात (शिक्षकही याला अपवाद नाहीत), आणि ज्योत त्यालाही कलते. दोन्ही ओठ मिटून केलेल्या 'फ'ने ती एकदम झटका खाते, तर घासलेल्या 'फ'ने 'स'सारखी सावकाश वाकते. संस्कृत वैयाकरणांनी श, ष, स, ह यांनाही महाप्राणांत घातले आहे. कागदाचा कौलही साधारण तसाच पडतो.

खरी पंचाईत 'भ'पाशी होते. 'भार' म्हणताना कंठातला नाद थांबत नाही, श्वास त्या नादातच मिसळून पुढच्या 'आ'च्या सुरुवातीवर पसरतो आणि ज्योतीला जेमतेम धक्का लागतो. ती हलली पाहिजे म्हणून विद्यार्थी जोर लावतो आणि 'भार'चा 'फार' करून बसतो. म्हणून घ, ढ, ध, भ यांच्यासाठी मी मेणबत्ती विझवते. बोट कंठावर ठेवायला सांगून 'बहार' हा शब्द म्हणवून घेते आणि 'ब'मधला 'अ' हळूहळू आखडायला लावते. बोटाखालचे कंपन एकदाही न तुटता 'बहार'चा 'भार' झाला, तर जमले. तुटले, तर पुन्हा 'बहार'पासून सुरुवात करायची. 'म्हैस' तर याच्याही पुढची, कारण तिच्या 'म'चा श्वास नाकावाटे जातो. तिच्यासमोर ज्योत ढिम्म हलत नाही.