चौदा पांढऱ्या कॉलनी आणि अर्जातील एक परिच्छेद

ब्रिटनमधील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करताना ‘पर्सनल स्टेटमेंट’ म्हणून एक निवेदन द्यावे लागते. त्यात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला माझ्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येत होता. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, ‘हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक मी पीयूसी१९ या प्लास्मिडमध्ये यशस्वीपणे क्लोन केले आणि पीसीआरने त्याची खात्री केली.’ प्लास्मिड म्हणजे जिवाणूंतले डीएनएचे छोटे वर्तुळ, आणि आपले जनुक बसलेले प्लास्मिड ज्यांत आहे ते जिवाणू म्हणजे क्लोन. हे वाक्य खोटे नव्हते, कारण शेवटी क्लोन मिळाला होता. पण ज्या पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने, मी खात्री केल्याचे लिहिले होते, त्यानेच आम्हाला तीन आठवडे फसवले होते, आणि ते वाक्य पुन्हा वाचताना मला पुढे जाता येईना.

प्रकल्प छोटा होता. जीएफपी या त्या हिरव्या प्रथिनाचे सुमारे ७२० बेस-जोड्यांचे जनुक पीसीआरने वाढवायचे, त्याची दोन्ही टोके हिंड-थ्री आणि केपीएन-वन या एन्झाइमांनी कापायची, त्याच एन्झाइमांनी कापलेल्या पीयूसी१९ मध्ये ते लायगेझने जोडायचे आणि ते प्लास्मिड ई. कोलाय जिवाणूंत घालायचे. पीयूसी१९ मध्ये ज्या जागी जनुक बसवतात, तिथेच निळा रंग देणाऱ्या एन्झाइमचा एक तुकडा असतो. तो अखंड राहिला तर एक्स-गॅल असलेल्या प्लेटवर जिवाणूंची कॉलनी निळी येते आणि मध्ये जनुक शिरले तर पांढरी. पीसीआरची सुरुवात प्रायमर या डीएनएच्या छोट्या तुकड्यांपासून होते, आणि आमच्या पुढच्या प्रायमरमध्ये प्रथिन तयार होण्यासाठी लागणारी, रायबोसोम बसण्याची जागाही होती. त्यामुळे खरा क्लोन, बसवलेले जनुक चालू करणारे आयपीटीजी असलेल्या प्लेटवर पांढरा तर दिसायलाच हवा होता, शिवाय अतिनील दिव्याखाली हिरवा चमकायलाही हवा होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी इन्क्युबेटर उघडला, तेव्हा प्लेटवर साठेक निळ्या आणि चौदा पांढऱ्या कॉलनी होत्या. मी आणि माझी सहकारी आनंदाने अक्षरशः ओरडलो. अतिनील दिव्याखाली मात्र एकही कॉलनी चमकली नाही. मार्गदर्शक मॅडमनी प्लेट पाहिली आणि म्हणाल्या, “प्रायमरमध्ये काहीतरी चुकले असेल, प्रथिन तयार होत नसेल. जनुक आहे की नाही एवढे पाहा.” आम्ही चौदाही कॉलनींवर पीसीआर केला. प्रायमर तेच वापरले, ज्यांनी जनुक वाढवले होते. जेलच्या चौदाही खान्यांत ७२० च्या जागी ठळक बँड, म्हणजे त्या लांबीच्या डीएनएचा पट्टा, आला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या निळ्या कॉलनीत बँड नव्हता. चौदापैकी चौदा. अहवालात तो जेलचा फोटो गेला, विभागीय सादरीकरणात तो पडद्यावर दाखवला गेला आणि त्याला टाळ्याही मिळाल्या.

चौदापैकी चौदा हा आकडाच खरे तर संशयास्पद होता. घरी बनवलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या पेशी आणि जेमतेम चाललेले लायगेशन यांतून पांढऱ्या कॉलनी मिळाल्या, तरी त्यातल्या काही हटकून रिकाम्या किंवा बिघडलेल्या निघतात. इतकी स्वच्छ यादी कोणत्याही अनुभवी माणसाला थांबवणारी होती. आमच्या विभागात मात्र बँड आला की काम झाले असे मानतात, आणि तो बँड कशाचा आहे, हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला वेळ वाया घालवणारा समजतात. ही तक्रार माझ्याविषयीही आहे, कारण मीही तो प्रश्न विचारला नाही.

तो प्रश्न विचारला प्रयोगशाळेतल्या काकांनी. माध्यम बनवणे, ऑटोक्लेव्ह लावणे आणि प्लेटा ओतणे ही त्यांची कामे होती, आणि कित्येक वर्षांत त्यांच्या हातून आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त प्लेटा गेल्या होत्या. आमची प्लेट धुवायला नेण्यापूर्वी ते म्हणाले, “ताई, तुमच्या त्या मूळ प्लास्मिडच्या कॉलनीसुद्धा अशाच पांढऱ्या असतात की. गेल्या साली प्रात्यक्षिकाला मीच एक्स-गॅलच्या उरलेल्या प्लेटा दिल्या होत्या, त्यांवर सगळ्या पांढऱ्याच आल्या.”

मूळ प्लास्मिड म्हणजे ज्यावरून आम्ही पीसीआरने जनुक वाढवले ते टेम्प्लेट. ते सुमारे ५,४०० बेस-जोड्यांचे होते. त्यात जीएफपी होते, पण ते अरॅबिनोज या साखरेवर चालू होणाऱ्या प्रमोटरच्या ताब्यात होते. त्यात अ‍ॅम्पिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही होते, आणि पीयूसी१९ मध्येही तेच असते. निळा रंग देणारा तुकडा मात्र त्यात नव्हता. म्हणजे हे टेम्प्लेट जसेच्या तसे एखाद्या पेशीत शिरले, तर ती पेशी आमच्या अ‍ॅम्पिसिलिनच्या प्लेटवर वाढणार, पांढरी दिसणार, अरॅबिनोज नसल्यामुळे चमकणार नाही आणि जीएफपीच्या प्रायमरांना अगदी बरोबर ७२० चा बँड देणार. आमच्या चौदा कॉलनींचे हे तंतोतंत वर्णन होते. निळ्या कॉलनीत बँड न येण्याने आम्हाला धीर आला होता, पण त्याने फक्त एवढेच सिद्ध झाले होते की रिकाम्या पीयूसी१९ मध्ये जीएफपी नसते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. पीसीआरच्या ५० मायक्रोलिटरमध्ये आम्ही ५० नॅनोग्रॅम टेम्प्लेट घातले होते. एक नॅनोग्रॅम पुरले असते, पण जास्त घातले की बँड हमखास येतो म्हणून सगळेच तसे करत. पुढे जेलमधून तुकडा कापून काढण्याऐवजी आम्ही पीसीआरचे द्रावण थेट स्तंभातून शुद्ध केले, कारण जेल पाहण्याच्या यंत्रासमोर रांग होती. तो स्तंभ प्रायमर आणि क्षार काढतो, प्लास्मिड काढत नाही. कापण्याच्या एन्झाइमांनीही ते निष्प्रभ होण्यासारखे नव्हते, कारण आमच्या दोन्ही एन्झाइमांना त्या टेम्प्लेटमध्ये कापायला जागा नव्हती. शुद्ध केलेल्या ३० मायक्रोलिटरपैकी ३ मायक्रोलिटर लायगेशनमध्ये गेले, म्हणजे ५ नॅनोग्रॅम टेम्प्लेट. लायगेशनच्या २० पैकी ५ मायक्रोलिटर पेशींत गेले, म्हणजे सव्वा नॅनोग्रॅम. आमच्या पेशी एका मायक्रोग्रॅम अखंड प्लास्मिडमागे सुमारे एक लाख कॉलनी देत, हे ओळखीच्या प्लास्मिडवर आधी पाहिले होते. सव्वा नॅनोग्रॅममागे सव्वाशे, आणि प्लेटवर त्यांचा दहावा भाग पसरला होता. म्हणजे बारा-तेरा. मधल्या धुण्यात काही प्लास्मिड गेले असेल आणि पेशींचा अंदाजही ढोबळच होता, तरीही वहीत बारा-तेरा आणि प्लेटवर चौदा हे एकमेकांशेजारी पाहून मला पुष्कळ वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी अरॅबिनोज घातलेल्या दोन प्लेटा ओतून दिल्या. त्यांत आयपीटीजी नव्हते. चौदाही कॉलनी आम्ही त्यांवर रेषा ओढून लावल्या, शेजारी मूळ टेम्प्लेट असलेले जिवाणू आणि एक निळी कॉलनी ठेवली. अठरा तासांनी दिवा लावला तेव्हा चौदाच्या चौदा रेषा टेम्प्लेटसारख्याच हिरव्या चमकत होत्या. निळ्या कॉलनीची रेषा अंधारात होती. मला इतका सुंदर आणि इतका वाईट निकाल त्याआधी कधी मिळाला नव्हता. चार कॉलनींतून प्लास्मिड काढून टेम्प्लेटशेजारी जेलवर चालवले, तेव्हा न कापलेली प्लास्मिडे त्याच उंचीवर थांबली. आमचा क्लोन असता तर तो सुमारे ३,४०० चा, म्हणजे कितीतरी पुढे पळालेला दिसला असता.

दुरुस्ती सोपी होती, आणि तीच सुरुवातीला का केली नाही हे सांगणे अवघड आहे. टेम्प्लेट एक नॅनोग्रॅमवर आणले. पीसीआर झाल्यावर त्यात एक मायक्रोलिटर डीपीएन-वन घालून ते ३७ अंशांवर तासभर ठेवले. हे एन्झाइम जीएटीसी हा क्रम कापते, पण त्यातल्या ए वर मिथाइल गट असेल तरच. जिवाणूत तयार झालेल्या प्लास्मिडवर तो गट असतो, नळीत पीसीआरने तयार झालेल्या डीएनएवर नसतो. त्यामुळे टेम्प्लेटचे तुकडे होतात आणि आपले जनुक शाबूत राहते. याखेरीज एक प्लेट आणखी लावली, त्यात पीयूसी१९ न घालता फक्त पीसीआरचे जनुक आणि लायगेझ होते. पहिल्या वेळी हीच प्लेट लावली असती तर तिच्यावरच्या पांढऱ्या कॉलनींनी सगळे त्याच सकाळी सांगितले असते. तेव्हा प्लेटा कमी होत्या म्हणून सर्वांत आधी तुलनेची प्लेट गाळली गेली.

या वेळी ती प्लेट रिकामी राहिली. लायगेशनच्या प्लेटवर नऊ पांढऱ्या कॉलनी आल्या आणि त्यांतल्या सहा आयपीटीजीवर चमकल्या. पीसीआरसाठी आता प्रायमर पीयूसी१९ चे, जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसणारे एम१३ घेतले. रिकाम्या प्लास्मिडला त्यांचा बँड शंभर-दीडशेच्या आसपास येतो, जनुक बसले असेल तर आठशेच्या वर, आणि टेम्प्लेटवर त्यांना बसायला जागाच नसते. दोन क्लोनांचा क्रम वाचून घेतला. चमकणारा बरोबर निघाला. न चमकणाऱ्या एकात प्रायमरच्या भागातला एकच बेस गळालेला होता. उरलेल्या दोघांत काय झाले ते पाहायला वेळ उरला नाही.

आता त्या परिच्छेदाकडे परत येते. अर्जाविषयी सल्ला देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितले, “अपयश लिहू नका, वाचणाऱ्याला निकाल हवा असतो.” मला ते पटत नाही. क्लोन हा पाठ्यपुस्तकातला आहे, तो कुणालाही मिळतो. त्या प्रकल्पात आम्ही शोधलेली एकमेव गोष्ट म्हणजे आमचा पहिला निकाल कशाचा होता. पण ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. संशय काकांचा, हिशेब माझा, अरॅबिनोजवर लावून पाहण्याची कल्पना सहकारीची. शेवटी पाठवलेला परिच्छेद मराठीत असा होईल:

‘जीएफपीचे जनुक पीयूसी१९ मध्ये बसवताना आम्हाला चौदा पांढऱ्या कॉलनी मिळाल्या आणि जनुकाच्याच प्रायमरांनी केलेल्या पीसीआरवर विसंबून आम्ही त्यांना क्लोन मानले. त्या टेम्प्लेट प्लास्मिडच्या होत्या. ही शंका प्रथम आमच्या प्रयोगशाळा परिचरांनी घेतली. माझ्या सहकारीने सुचवल्याप्रमाणे कॉलनी अरॅबिनोजवर वाढवून आम्ही ती तपासली आणि उरलेल्या टेम्प्लेटपासून किती कॉलनी येतील याचा हिशेब मी केला. टेम्प्लेट कमी करून आणि डीपीएन-वन वापरून केलेल्या दुसऱ्या प्रयत्नात नऊपैकी सहा कॉलनींत जनुक काम करत होते. क्रम दोनच क्लोनांचा वाचला, त्यातला एक बरोबर होता.’

मॅडमनी तो वाचून एवढेच विचारले की ‘परिचर’ हा उल्लेख आवश्यक आहे का. मी तो ठेवला. विभागाच्या ग्रंथालयात ठेवलेल्या अहवालात मात्र तो चौदा बँडांचा फोटो अजून ‘क्लोनची पडताळणी’ या मथळ्याखाली आहे. तोंडी परीक्षा होऊन गेली आहे, आता बदल करता येत नाही, असे मला सांगण्यात आले. दुरुस्तीचे एक पान मी लिहून, सही करून मॅडमकडे दिले आहे आणि ते त्या प्रतीत चिकटवण्याची विनंती केली आहे.