लांब सुरावर कोणता स्वर ठेवायचा

«ताई, गाण्यात सूर जिथे लांबतो तिथे तुमच्या ओळीत नेहमी 'आ' नाहीतर 'ओ' कसा येतो? ठरवून करता की आपोआप होतं?»

ठरवून. आपोआप काही होत नाही, उलट मराठी आपल्याला दुसरीकडेच ओढत असते. पाणी, गाणी, वाणी, कहाणी ही यमकं न बोलावता दारात उभी असतात आणि सगळी 'ई'वर संपतात. स्त्रीलिंगी नाम आलं की क्रियापदही 'आली', 'गेली', 'राहिली' असं मागोमाग येतं. कागदावर ते गोडच दिसतं. खरा प्रश्न त्या 'ली'वर गायिकेला पाच सेकंद थांबायचं असतं तेव्हा सुरू होतो.

(पुढे गोंधळ नको म्हणून सांगून ठेवते: इथे 'सूर' म्हणजे सा-रे-ग-म आणि 'स्वर' म्हणजे अ-आ-इ-ई.)

एक गाणंच उघडून दाखवते. एका हौशी संस्थेच्या नाटकासाठी मुठेच्या तोंडी गाणं हवं होतं. नदी स्वतःच गाते आहे. खडकवासल्यातून पाणी सोडतात, भिडे पूल पाण्याखाली जातो, दोन-चार दिवसांनी पाणी उतरतं आणि काठाला गाळ उरतो. तेवढ्यापुरतं हे गाणं. चाल आधी तयार होती. ताल केरवा, मिनिटाला साधारण 96 मात्रा. संगीतकाराने फोनवर पाठवलेल्या चालीत अंतऱ्याची शेवटची ओळ चढत चढत तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'वर, जात होती आणि शेवटच्या अक्षरावर एक पूर्ण आवर्तन थांबत होती. आठ मात्रा, म्हणजे पाच सेकंद.

चाल पाठवताना संगीतकार बहुतेक वेळा 'ना ना ना' किंवा 'ला ला ला' म्हणत गातात. म्हणजे चाल आपल्या कानावर पडते ती आधीच आकारात, 'आ' लावून, आणि त्यामुळे प्रत्येक लांब सूर सुखाचा वाटतो. तिथे 'ई' बसवली तर काय होईल हे त्या ध्वनिफितीतून कधीच कळत नाही. म्हणून चाल आली की मी आधी फक्त लांबणाऱ्या जागा मोजते आणि वहीत त्या अक्षरांखाली रेघ मारते. या चालीत तशा तीन जागा होत्या. दोन मध्य सप्तकात, त्यांची मला काळजी नव्हती. तिसरी ही.

पहिल्या खर्ड्यात मी अर्थाच्या मागे असते, स्वरांकडे बघत नाही. तो खर्डा असा होता:

वाहत जाते उरात घेउन
दोन दिव्यांच्या थरथर ज्योती
पूर ओसरे, गाळ राहतो
कोण उभी ही तीरावरती

सोळा-सोळा मात्रा, यमक चोख. आता यातला शेवटचा 'ती' तार गंधारावर ठेवून बघा.

गाणार होती तिची पट्टी काळी पाच, म्हणजे तिचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर. या पट्टीत तार षड्ज 466 हर्ट्झच्या आसपास आणि तार गंधार 585च्या आसपास येतो. दुसऱ्या बाजूने, आपण स्वर उच्चारतो तेव्हा तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीला एक आकार येतो, आणि त्या आकाराचा स्वतःचा घुमारा असतो. असे घुमारे बरेच असतात. आपल्याला इथे सगळ्यात खालचा पुरेसा आहे. बाईच्या आवाजात 'ई'साठी तो साधारण 300 ते 450 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, कारण जीभ टाळूजवळ आणि जबडा जवळजवळ मिटलेला. 'आ'साठी तो 800च्या वर जातो, कारण तोंड उघडं. गायचा सूर या घुमाऱ्याच्या वर गेला की पोकळीची साथ सुटते. आवाज बारीक होतो, आणि तो मोठा करायला गायिका गळ्यावर जोर देते. नाहीतर ती शहाणपणाने जबडा खाली सोडते. त्याने घुमारा वर सरकतो, आवाज भरतो, पण 'ई' मात्र 'ई' राहत नाही. ती 'ए'कडे झुकते. 585 हर्ट्झवर 'ई' गाताना ही पळवाट जवळपास सक्तीचीच आहे. 'आ' गाताना सूर अजून घुमाऱ्याच्या खालीच असतो, म्हणून काही लपवावं लागत नाही.

सदाशिव पेठेतल्या तालमीच्या खोलीत नेमकं हेच झालं. दोनदा गळा आवळून 'ती' लावल्यावर तिसऱ्यांदा तिने तोंड मोकळं सोडलं. सूर छान लागला, पण ऐकू आलं 'तीरावरते'. पेटीवाले काका म्हणाले, "हे 'वरते' काय आहे?" गायिकेचं यात काही चुकत नव्हतं. तिचं शरीर बरोबर वागत होतं, अक्षर चुकीच्या जागी होतं.

यावर पहिला उपाय संगीतकाराच्या हातात असतो: थांबा एक-दोन अक्षरं अलीकडे घ्यायचा. 'तीराऽऽवरती' असं 'रा'वर थांबून 'वरती' पटकन उरकायचं. पुष्कळदा एवढ्यावर भागतं आणि शब्द वाचतात. इथे जमलं नाही, कारण शेवटच्या अक्षराबरोबरच बासरी आत येत होती आणि संगीतकाराला ती जागा सोडायची नव्हती.

मग मी 'ती' कापून नुसतं 'तीरावर' करून पाहिलं, रिकाम्या मात्रा आधी भरून. ते आणखी वाईट. आता थांबा आला 'व'च्या अकारावर. आपला अ आखूड असतो, तो ताणला की आ होतो, आणि ऐकू येतं 'तीरावार'. ऱ्हस्व अक्षरं ताणण्याचा धोका 'ई'पेक्षाही मोठा आहे, कारण तिथे नुसता उच्चार नाही, अर्थच बदलू शकतो. 'मन'मधला म लांबवा, श्रोत्याला 'मान' ऐकू येईल. 'दिन' लांबवला की 'दीन'. शेवटी 'गं' चिकटवणं हा गीतकारांचा जुना जुगाड, पण तिथेही तोच अ, वरून नाकातला, आणि नदी कुणाला 'गं' म्हणतेय हा प्रश्न उरतोच.

शेवटी उपयोगी पडलं ते व्याकरण. मराठीत लिंग बदललं की शेवटचा स्वर बदलतो, आणि क्रियापद ओळीच्या शेवटी न्यायची मुभा असते. 'तीरावरती' ओळीच्या सुरुवातीला नेलं, तिथे 'ती' अर्ध्या मात्रेच्या आसपास येऊन जाते आणि कुणाला जड होत नाही. काठावरची बाई पुरुष झाली:

पूर ओसरे, गाळ राहतो
तीरावरती कोण थांबला

मात्रा सोळाच. थांबा आता 'ला'वर. ल मला अशा जागी फार आवडतो: जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागून सुटतं आणि तोंड उघडायला मोकळं राहतं. ख, भ, ठ यांसारख्या महाप्राणांना सुरुवातीलाच श्वास द्यावा लागतो, त्यामुळे पाच सेकंदांच्या सुराआधी मी ते शक्यतो टाळते.

पण 'ला' आला की 'ज्योती' टिकत नाही, मुखड्याचं यमक बदलावं लागतं. 'थरथर ज्योती' मला प्रिय होती. ती गेली:

वाहत जाते उरात घेउन
दिवा कुणी जो सोडुन गेला

'गेला' आणि 'थांबला' हे यमक 'ज्योती-वरती'पेक्षा सैल आहे, वाचताना ते जाणवेल. गाताना जाणवत नाही, कारण दोन्ही ठिकाणी कानात शेवटी राहतो तो आकार. शिवाय दिवा सोडून गेलेला एक आणि काठावर थांबलेला एक, असं दोघांचं काहीतरी आपसूक तयार झालं. (हे मी आधी योजलं होतं असं कुणी म्हणालं तर मी नाकारत नाही.)

लिंग बदलणं नेहमीच परवडत नाही. नायिका स्वतःबद्दल गात असेल तर 'आले'ला 'आला' करता येणार नाही. तिथे ए मिळतो, तो मधला आहे, ईपेक्षा बराच सोयीचा. सप्तमीचा 'त' फार कामाचा: 'मनात', 'डोळ्यांत', 'पाण्यात'. सूर आकारावर राहतो आणि त शेवटी हलकेच लागतो. मात्र तो त नेमका कुठल्या मात्रेवर लावायचा हे गायिकेशी आधी ठरवा, नाहीतर ती एका वेळी लावते आणि कोरस दुसऱ्या वेळी. याउलट 'येईन', 'जाईन' ही भविष्यकाळी रूपं उंच सुराला नकोत. ईवर अडकायचं आणि शिवाय न्‌वर जिभेने तोंडाची वाट बंद करायची, दोन्ही एकदम.

हे सगळं उंच, मोठ्या, लांब सुराबद्दल आहे. तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच मी एवढी खटपट करते. मध्य सप्तकात 'ई' सुखाने लांबते. हळू गायचं असेल, अंगाईसारखं, तर 'ऊ' आणि 'ई' उलट हव्याशा वाटतात, कारण मिटलेलं तोंड आवाज आपोआप मऊ ठेवतं. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा तार षड्ज 277 हर्ट्झच्या आसपास, म्हणून तिथवर 'ई'ची तक्रार फारशी येत नाही. पुढे मध्यम-पंचमावर येते. आणि प्रत्येक ओळ आकारात संपवली तर गाणं रियाजासारखं वाटायला लागतं, तेव्हा धावत्या जागांवर ई-ऊ मुद्दाम पेरत जा.

तपासायचं कसं, हेही लगेच विचारलं जातं. गायिकेच्या पट्टीत तानपुरा लावा, तो एकच सूर आधी आकारात पाच सेकंद धरायला सांगा, मग तुमच्या अक्षरावर. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि मागचंपुढचं कापून फक्त तो सूर ज्याने शब्द वाचलेले नाहीत अशा माणसाला ऐकवा. त्याने 'ती'ला 'ते' म्हटलं तर ओळ बदला. मी ते काम पेटीवाल्या काकांना देते. त्यांना गाण्याचे शब्द कधीच पाठ नसतात.